बाबांच्या डायालिसिसच्या शीट्स एका तक्त्यात लावतेय, पण वजनाचा ताळा बसत नाही

पाणकणीस

बाबांचं डायालिसिस आठवड्यातून तीनदा असतं, सोम-बुध-शुक्र, चार-चार तास. डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे सुया टोचायला धमनी आणि शीर जोडून केलेली जागा. दर वेळी एक शीट भरली जाते आणि मी तिचा फोनवर फोटो काढून ठेवते. परवा डॉक्टरांनी विचारलं, "गेल्या दोन-तीन महिन्यांत बीपी कसं होतं?" मी फोन काढून एकेक फोटो सरकवत बसले. त्यांनी पाच-सहा बघितले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. तेव्हापासून डोक्यात बसलंय की हे सगळं एका ठिकाणी, ओळीने लागलं पाहिजे.

अकरा आठवड्यांच्या ३३ शीट्स हव्यात, त्यातल्या ३१ सापडल्या. स्प्रेडशीटमध्ये तारीख, आधीचं वजन, नंतरचं वजन, काढलेलं पाणी आणि बीपी असे रकाने केले. आता तीन ठिकाणी अडलेय.

एका शीटवर मशीनचं यूएफ २.८ लिटर आहे, पण त्या दिवशी वजन फक्त २.१ किलो उतरलंय. मग "काढलेलं पाणी" म्हणून कोणता आकडा लिहायचा?

तिसऱ्या आठवड्यातला सोमवार ते बुधवार बघितला तर बाबांचं वजन ०.४ किलोने कमी झालेलं दिसतं. दोन डायालिसिसच्या मध्ये वजन वाढतं ना? कमी कसं होईल?

आणि फिस्टुलाबद्दल शीटवर "व्हीनस प्रेशर" म्हणून तासातासाचे आकडे आहेत. ते सगळे उतरवायचे का?

काटकोन

तारखा आधी तपासा. काही शीट्सवर दिवस आधी आणि काहींवर महिना आधी लिहिलेला असेल, तर स्प्रेडशीट गपचूप ३ एप्रिलचा ४ मार्च करते आणि ओळी इकडच्या तिकडे होतात. 2025-04-03 असं लिहिलंत की गोंधळ नाही.

काढलेलं पाणी म्हणून मशीनचाच आकडा घ्या. मशीन मिलीलिटरपर्यंत मोजतं. वजनकाट्यावर माणूस कधी चपला घालून उभा राहतो, कधी काढून. वजनाचे रकाने ठेवलेच पाहिजेत असंही नाही. ज्या दोन शीट्स नाहीत तिथे आधीच्या-नंतरच्या ओळीची सरासरी टाका, म्हणजे आलेख तुटणार नाही.

जाईजुई

आमच्याकडे हे पोटातून करतात घरीच, दिवसातून चार वेळा पिशवी बदलून. मी साधी वही ठेवलीय. आत किती सोडलं, बाहेर किती आलं, वजाबाकी केली की झालं. तुम्ही वजनाच्या भानगडीत कशाला पडता? निघालेलं पाणी गढूळ आहे का तेवढं मात्र रोज बघा.

पाणकणीस

जाईजुई, तुमचं पोटातलं डायालिसिस, बाबांचं रक्ताचं, मशीनवरचं. पिशवी नसते यात. पण वहीचं कळलं, धन्यवाद.

काटकोन, तारखांचं अगदी बरोबर निघालं. सहा ओळी चुकीच्या महिन्यात जाऊन बसल्या होत्या.

खारफुटी

डायालिसिस टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली. शीट्स भरण्यातच हयात गेली, त्यामुळे त्या कशा भरल्या जातात हेही माहीत आहे.

ताई, दोन्ही आकडे लिहायचे, कारण दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. मशीनने रक्तातून किती ओढलं ते यूएफ. पण त्याच चार तासांत पेशंटच्या आत काहीतरी जातही असतं. शेवटी नळ्यांमधलं रक्त परत देताना सलाईन वापरतात, ते साधारण २०० ते ३०० मिली. मध्येच बीपी पडलं तर सलाईन देतात. इंजेक्शन, औषधाची बाटली, पेशंट प्यायलेलं पाणी हेही त्यातच. वजन उतरतं ते या दोन्हींच्या फरकाएवढं.

तुमच्या २.८ आणि २.१ च्या शीटवर सलाईन लिहिलंय का बघा. रक्त परत देताना २५०, मध्ये २०० दिलं असेल आणि बाबा ३०० मिली पाणी प्यायले असतील, तर आत गेले ७५० मिली. २.८ मधून ०.७५ गेले की २.०५ उरतात. काट्याने २.१ दाखवलं. म्हणजे चूक कुठेच नाही.

म्हणून "आत गेलेलं" असा वेगळा रकाना करा. मग हा ताळा प्रत्येक ओळीत आपोआप निघेल. C आधीचं वजन, D नंतरचं वजन, F यूएफ लिटरमध्ये, G आत गेलेलं लिटरमध्ये, H प्रत्यक्ष चाललेले तास असं धरलं तर:

```
=IF(OR(C3="",D2=""),"",C3-D2)
=IF(OR(C3="",D3="",F3=""),"",(C3-D3)-(F3-G3))
=IF(OR(D3="",F3="",H3=""),"",F3*1000/(H3*D3))
```

पहिली ओळ म्हणजे मधल्या दिवसांत वाढलेलं वजन. त्यात आजचं आधीचं वजन आणि *मागच्या वेळचं* नंतरचं वजन लागतं, म्हणजे तो आकडा कुठल्याच एका शीटवर पूर्ण नसतो. दुसरी ओळ ताळा. तो शून्याच्या आसपास हवा. अर्धा किलोच्या पलीकडे गेला की काटा, कपडे, नाहीतर लिहिणाऱ्याचा हात यापैकी काहीतरी चुकलंय. तिसरी ओळ म्हणजे दर तासाला, दर किलोमागे किती मिली पाणी ओढलं. त्यात साडेतीन तास 3.5 असेच लिहा. 3:30 लिहिलंत तर स्प्रेडशीट त्याला घड्याळातली वेळ समजते आणि उत्तर भलतंच येतं.

काटकोन, सरासरीचं मात्र करू नका. शीट हरवली तरी त्या तारखेची ओळ ठेवायची आणि आकडे रिकामे सोडायचे. ओळच नसेल तर काय होतं बघा. बुधवारची शीट नाही म्हणून शुक्रवारच्या आधीच्या वजनातून सोमवारचं नंतरचं वजन वजा होतं. बाबा दर वेळी ६२ च्या आसपासच उतरत असतील तर येणारं उत्तर अगदी खरं वाटतं. ते चुकलंय हे कळतही नाही. आणि "शीट नाही" व "डायालिसिसच झालं नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, शेऱ्यात तसं लिहा. खाडा झाला असेल तर पुढची वाढ चार-पाच दिवसांची असते.

काटकोन

सरासरीचं मान्य. रिकाम्या पेशीला स्प्रेडशीट शून्य धरते, म्हणून तुम्ही ते `IF` टाकलंत हे आत्ता लक्षात आलं. नाहीतर शुक्रवारी बाबांचं वजन ६३ किलोने वाढलं असतं.

पण मशीनचा आकडा जास्त अचूक, हे माझं म्हणणं अजून कायम आहे.

खारफुटी

मशीनने काय ओढलं ते सांगायला अचूक, हो. पेशंट कुठे येऊन थांबला ते सांगायला नाही. त्याला काटाच लागतो.

पाणकणीस

तो उलटा सोमवार उघडून बसले. शीटवर जे आहे ते तसंच लिहिते. आधीचं वजन ६४.९, नंतरचं ६४.३. यूएफ ३.२ लिटर. वेळ साडेतीन तास, कारण त्या दिवशी आम्ही उशिरा पोचलो होतो. तिसऱ्या तासाला बीपी ९४/५६, पुढे "गरगरतंय" असं लिहून ४०० मिली सलाईन दिल्याची नोंद. बुधवारचं आधीचं वजन ६३.९.

रक्त परत देतानाचे २५० आणि बाबा प्यायलेले साधारण २०० धरले तर आत गेले ०.८५. मग वजन २.३५ ने उतरायला हवं होतं, उतरलं ०.६. ताळा उणे १.७५ येतोय. पावणेदोन किलो कुठे गेले?

खारफुटी

त्या दिवशी बाबांना व्हीलचेअरवर बसवून वजन केलं होतं का?

पाणकणीस

हो!! गरगरत होतं म्हणून उभं नाही केलं. तुम्हाला कसं कळलं?

खारफुटी

बीपी पडलेल्या पेशंटला काट्यावर उभं करत नाहीत. खुर्चीसकट वजन करतात आणि खुर्चीचं वजा करतात. खुर्च्या दोन-तीन प्रकारच्या असतात, आणि घाईत हाताशी असलेल्या खुर्चीऐवजी नेहमीच्या खुर्चीचं वजन वजा होतं. दोन किलोचा फरक सहज पडतो. मीही केलीय ही चूक.

ताळ्याप्रमाणे बाबा त्या दिवशी ६२.५ च्या आसपास उतरले असणार. मग बुधवारची वाढ साधारण १.४ होते, म्हणजे बाकीच्या बुधवारांसारखीच असेल बघा. पण तक्त्यातला ६४.३ खोडू नका. शीटवर जे होतं ते तसंच राहू दे, शेऱ्यात "खुर्चीवर वजन, ताळा बसत नाही" लिहा आणि मधल्या वाढीच्या आलेखातून त्या बुधवारचा तेवढा एक ठिपका वगळा. उद्या कोणी मूळ शीट मागितली तर तुमचा तक्ता आणि शीट जुळले पाहिजेत.

त्याच ओळीत आणखी एक गोष्ट आहे. ३.२ लिटर साडेतीन तासांत काढलं, म्हणजे वजन ६२.५ धरलं तर दर किलोमागे तासाला साडेचौदा मिलीच्या पुढे. १३ च्या वर गेलं की आम्ही कान टवकारतो, काही डॉक्टर १० पासूनच. चार तास मिळाले असते तर हेच पाणी १२.८ च्या वेगाने निघालं असतं. तिसऱ्या तासाला बीपी का पडलं त्याचं कारण बहुधा त्या अर्ध्या तासात आहे. म्हणून ठरलेली वेळ नको, प्रत्यक्ष चाललेली वेळ लिहा.

गुलबक्षी

माझ्या आईला मानेत कॅथेटर आहे, फिस्टुला अजून पिकला नाही. तिच्या शीटवर सुईचं वगैरे काहीच नसतं. मी काय लिहू? गेल्या आठवड्यात मशीन सुरू झाल्यावर तासाभराने थंडी वाजून आली होती, ते लिहिलंय.

खारफुटी

कॅथेटरला पंप किती स्पीडपर्यंत चालला, लाईन उलट्या जोडाव्या लागल्या का, आणि ड्रेसिंग उघडल्यावर लाली, पू किंवा ओल होती का, हे लिहा. शिवाय आधीचा आणि नंतरचा ताप. ठरलेला स्पीड मिळेनासा झाला आणि लाईन वारंवार उलट जोडाव्या लागल्या की आत गुठळी आहे किंवा टोक सरकलंय असा संशय घेतात.

पण मशीनवर थंडी वाजून येणं हे तक्त्यात लिहून ठेवायचं काम नाही, त्याच क्षणी सांगायचं. कॅथेटरमधून जंतू रक्तात गेल्याचं ते लक्षण असू शकतं. तेव्हा सांगितलं होतंत का? रक्ताचा कल्चर घेतला का?

गुलबक्षी

पांघरूण दिलं होतं फक्त. आत्ता फोन करते.

वामकुक्षी

मी स्वतः पेशंट, नऊ वर्षं मशीनवर. तक्ता छान चाललाय, पण त्यात माणूस कुठे आहे? पायात गोळे आले का, घरी गेल्यावर किती तास आडवं पडावं लागलं, रात्री उशी किती उंच लागली, हे शीटवर कधीच नसतं. माझ्या शीटवर नंतरचं बीपी १३०/८० असायचं आणि मी रिक्षात बसताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. बसून घेतलेलं बीपी आणि उभं राहून घेतलेलं बीपी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

खारफुटी

काकांचं खरं आहे. बीपी चार लिहा ताई. आधीचं, सगळ्यांत खाली गेलेलं आणि ते कितव्या तासाला, नंतर बसून, नंतर उभं राहून. शिवाय त्या सकाळी बीपीची गोळी घेतली होती की नाही, हो किंवा नाही इतकंच. मधले सगळे आकडे उतरवून फायदा नाही.

पाणकणीस

चार दिवस लागले. सगळं पुन्हा उतरवलं. मध्येच एका ठिकाणी ६१.१ की ६१.9 ते कळेना, लिहिणाऱ्याने मराठी आणि इंग्रजी आकडे एकत्र केले होते आणि मराठी १ अगदी इंग्रजी 9 सारखा होता. ताळ्याने सोडवलं. ६१.9 घेतल्यावरच शून्याजवळ आलं. हे फार आवडलं मला.

आता बघा. फक्त सोमवार घेतले, कारण शुक्रवार ते सोमवारचं अंतर सगळ्यांत मोठं.

आठवडा २: आधी ६५.०, नंतर ६२.१. बीपी आधी १४६/८०, नंतर १३०/७४.
आठवडा ५: आधी ६४.६, नंतर ६२.०. बीपी आधी १५४/८२, नंतर १३८/७८.
आठवडा ८: आधी ६४.२, नंतर ६२.१. बीपी आधी १६४/८६, नंतर १५०/८२.
आठवडा ११: आधी ६३.९, नंतर ६२.०. बीपी आधी १७२/९०, नंतर १६०/८४.

ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढून जिथे थांबायचं ते वजन, सुरुवातीपासून ६२. दर वेळी बाबा तिथे पोचतात. शनिवार-रविवारची वाढ तीन किलोवरून १.९ वर आलीय, म्हणजे बाबा पाणी छान सांभाळतायत. तरी बीपी का चढतंय? गोळ्यांत बदल नाही, विचारलं.

काटकोन

टेन्शन. किंवा मीठ. बीपीची गोळी वाढवायला सांगा, सोपं आहे. पाणी तर कमीच झालंय, मग पाण्याचा संबंधच नाही.

खारफुटी

थांबा. ताई, चौथ्या आठवड्याच्या आसपास बाबा आजारी होते का?

पाणकणीस

हो, ताप-खोकला होता. दहा-बारा दिवस जेवण जवळजवळ नव्हतंच. अजूनही निम्मंच जेवतात.

खारफुटी

मग मला काय वाटतं ते सांगतो. ठरवायचं डॉक्टरांनीच.

वाढ कमी झाली ती कदाचित पाणी सांभाळल्यामुळे नाही, जेवण कमी झाल्यामुळे. जेवण कमी म्हणजे मीठ कमी, तहान कमी. पण त्याबरोबर अंगातलं मांसही गेलं असणार. आजारपणात दीड-दोन किलो जाणं काही विशेष नाही. खरं वजन साडेसाठ झालं असेल आणि आपण अजून ६२ वरच मशीन थांबवत असू, तर गेलेल्या मांसाच्या जागी दर वेळी दीड लिटर पाणी आत ठेवूनच घरी पाठवतोय. काटा ६२ च दाखवतो, त्यामुळे शीटवर सगळं आलबेल. कोणालाही एक शीट दाखवा, तो म्हणेल टार्गेट मिळालं.

म्हणूनच नंतरचं बीपी बघा. आधीचं चढलं तर गोळी, मीठ, झोप, काहीही असू शकतं. पण पाणी काढून झाल्यावरही १३० चं १६० होत गेलं, आणि आजारपणानंतर एकदाही बीपी पडलं नाही, गोळे आले नाहीत. म्हणजे अजून पाणी काढायला जागा असावी.

ड्राय वेटला वेगळा रकाना द्या आणि शेवटचं कधी बदललं ती तारीख लिहा. बहुतेकांच्या तक्त्यात ते वर कोपऱ्यात एकदाच लिहिलेलं असतं, जणू जन्मतारीख.

एक आणखी. रक्त वाढवायचं इंजेक्शन मध्ये वाढवलं असेल तर त्यानेही बीपी चढतं. ते तपासा.

वामकुक्षी

मी सावध करतो. माझं ड्राय वेट असंच "अजून जागा आहे, अजून जागा आहे" करत दोन किलो उतरवलं होतं. प्रत्येक वेळी पायात गोळे, घरी जाऊन पडून राहायचो, आणि एकदा फिस्टुला बंद पडता पडता वाचला, कारण बीपी पार खाली गेलं होतं. शेवटी कळलं की माझं बीपी पाण्याचं नव्हतंच. बीपी चढलं की पाणीच, हा नियम नाही.

खारफुटी

नाही नियम, काका. म्हणून पायाची सूज, मानेची शीर, आडवं झाल्यावर दम लागतो का हे डॉक्टर बघतात, कधी छातीची सोनोग्राफी करतात. आणि उतरवलंच तर एका वेळी तीनशे-पाचशे ग्रॅम. शिवाय वजन उतरल्यावर बीपी लगेच खाली येत नाही, काही आठवडे मागे रेंगाळतं. त्या काळात "उपयोग नाही" म्हणून आणखी उतरवत गेलं की तुमच्यासारखं होतं.

वामकुक्षी

माझ्या वेळी हे कोणी सांगितलं नव्हतं. तरी मला पटलेलं नाही.

काटकोन

बीपीबद्दल गप्प बसतो. पण ताईंनी मला फाईल पाठवली होती, त्यातून फिस्टुलाचा आलेख काढलाय. व्हीनस प्रेशर पहिल्या आठवड्यात १२५ होतं, अकराव्यात १९७. सरळ चढती रेषा. हे तरी नक्की गंभीर ना?

खारफुटी

अर्धं बरोबर. त्या फाईलमध्ये पंप स्पीडचा रकाना आहे का?

काटकोन

आहे. पाचव्या आठवड्यापर्यंत २५०, पुढे ३००.

खारफुटी

व्हीनस प्रेशर म्हणजे रक्त अंगात परत जाताना लागणारा दाब. नळ तेवढाच आणि पाणी जास्त सोडलं तर दाब वाढणारच. सुई बारीक घेतली तरी वाढतो. म्हणून एकच स्पीड, एकच सुई आणि एकच वेळ धरूनच तुलना करायची. मी सुरू झाल्यानंतरचा पहिला आकडा घेतो. ३०० स्पीड आणि १६ गेजची सुई, एवढ्याच ओळी ठेवून परत बघा.

काटकोन

सहावा ते आठवा आठवडा: १५२, १५५, १५८, मध्ये एकदा २१०, मग पुन्हा १५५. नवव्यापासून १७१, १७८, १८६, १९०, १९७. तो २१० चूक धरून काढू का?

खारफुटी

काढू नका. त्या शीटवर "सुई सारखी केली" असं काहीतरी असेल. टोक शिरेच्या भिंतीला टेकलं की असा एखादा उंच आकडा येतो, सुई जरा फिरवली की उतरतो. एकट्या आकड्याला घाबरायचं नाही. लागोपाठ तीन वेळा तशाच परिस्थितीत चढत गेला तर बोलायचं. इथे पाच वेळा चढलाय. १२५ ते १५२ ही उडी पंपाची, १५८ च्या पुढचं मात्र फिस्टुलाचं असू शकतं.

ताई, सुया काढल्यावर रक्त थांबायला किती वेळ लागतो? शीटवर तो रकाना बहुधा नसतोच, असला तरी रिकामा.

पाणकणीस

नसतोच. पण आई कापूस दाबून बसते, तिला विचारलं. ती म्हणाली, "पूर्वी आठ-दहा मिनिटांत सुटायचं, हल्ली हात दुखून येतो माझा." या आठवड्यात घड्याळ लावलं. १८, २२, २०. रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन तेवढंच आहे, सगळ्या शीट्स बघितल्या. आर्टेरियल प्रेशर उणे १५० ते १६०, ३०० स्पीड झाल्यापासून तसंच.

खारफुटी

म्हणजे रक्त मशीनकडे नीट येतंय, परत जाताना कुठेतरी अडतंय असं वाटतं. आत येण्याची वाट अरुंद असती तर आर्टेरियल आणखी उणे गेलं असतं आणि ३०० मिळाले नसते. व्हीनस प्रेशर आणि रक्त थांबायचा वेळ दोन्ही एकत्र वाढले तर सुईच्या पुढे, खांद्याच्या दिशेला शीर आकसली असण्याची शक्यता असते. दंड सुजतो का बघा. फिस्टुलावर हात ठेवा, एरवी मांजर घुरघुरल्यासारखं लागतं. त्या ऐवजी नाडीसारखे ठोके लागले तर तेही लिहा.

उद्याच डॉक्टरांना दाखवा. पूर्ण फाईल नको. एक पान करा, वर ते चार सोमवार, खाली ३०० स्पीडचे आकडे आणि आईंची मिनिटं. आणि ज्या दिवशी ती घुरघुर लागणारच नाही, त्या दिवशी पुढच्या डायालिसिसची वाट बघायची नाही, तसंच निघायचं.

गुलबक्षी

आईचं सांगते. कल्चर घेतला, जंतू निघाले. अँटिबायोटिक सुरू झालंय, कॅथेटर बदलायचा का ते ठरतंय. खारफुटीदादा, खूप आभार.

पाणकणीस

अपडेट. एक पान दाखवलं. डॉक्टरांनी या वेळी दोन मिनिटं नीट वाचलं. पायाला किंचित सूज होती, ती आम्हाला दिसलीच नव्हती. ड्राय वेट ६१.५ केलं, आठवड्याने ६१.२. रक्त वाढवायचं इंजेक्शन मात्र नवव्या आठवड्यात खरंच वाढवलं होतं, ते कुठल्याच शीटवर नव्हतं, बिलावरून कळलं. डॉक्टर म्हणाले बीपी पाचव्या आठवड्यापासूनच चढतंय, त्यामुळे सगळा दोष इंजेक्शनचा नाही, पण थोडा असेल. त्याचाही रकाना केला. गेल्या सोमवारी नंतरचं बीपी १५२/८०. गोळे आले नाहीत. काका, तुमचं लक्षात ठेवून उभं राहूनही घेतलं, १४६.

फिस्टुलाची डॉपलर सोनोग्राफी झाली. दंडाच्या वरच्या भागात शीर अरुंद आहे म्हणाले. फुगा घालून उघडायची की आणखी थोडं बघायचं, यावर दोन डॉक्टरांची दोन मतं आहेत. मशीन व्यवस्थित चाललंय, ३०० मिळतायत, म्हणून एक जण म्हणतात थांबा.

वामकुक्षी

१४६ उभं राहून म्हणजे चांगलं आहे. पण घरी जाऊन किती तास झोपतात ते लिहिलंत का?

पाणकणीस

लिहिलं. पूर्वी दोन तास, आता तीन.

वामकुक्षी

मग ६१.२ वर थांबा म्हणावं जरा.

खारफुटी

एका आठवड्यावरून नका ठरवू, काका. पण तो तीनचा आकडा पुढच्या पानावर घ्या ताई, खाली नको, बीपीच्या शेजारीच.

काटकोन

रकाना M मध्ये टाकलाय. तासांचा आकडा दशांशात.